मोदकाला डंपलिंग म्हणायचं का? दुकानाच्या मेनूतलं इंग्रजी

प्रश्न: आमचं बाणेरला गोड पदार्थांचं छोटं दुकान आहे. उकडीचे मोदक, तळणीचे मोदक, पुरणपोळी, गूळपोळी, श्रीखंड, अनारसे असं सगळं घरचंच. आसपासच्या कंपन्यांमधून बरेच अमराठी लोक येतात, म्हणून मेनू इंग्रजीत केला. पण एकेका पदार्थाला चार-पाच ओळी झाल्या आहेत आणि कुणी वाचतच नाही. मोदकाला ‘स्वीट डंपलिंग’ आणि पुरणपोळीला ‘स्वीट पराठा’ म्हटलं तर चालेल का? थोडक्यात आणि बरोबर कसं लिहायचं?

उत्तर:

डंपलिंगही नको आणि पराठाही नको. मी गेली अनेक वर्षं खाद्यपदार्थांची वेष्टणं आणि मेनू यांचं इंग्रजी लिहिते. त्यात सगळ्यात जास्त वेळा दुरुस्त करावी लागलेली गोष्ट म्हणजे आपल्या पदार्थाला दुसऱ्या पदार्थाचं नाव देणं. ‘मोदक’ हेच त्या पदार्थाचं नाव आहे आणि ते वरच्या ओळीत ठळक छापलेलं आहे. खालच्या ओळीत पुन्हा ‘हा एक प्रकारचा अमुक’ असं सांगायची गरज उरत नाही. तिथे फक्त बाहेर काय, आत काय, कसं शिजवलं आणि कसं खायचं एवढं यावं. ही चार उत्तरं बारा ते सोळा शब्दांत बसतात.

नाव उसनं घेतलं की काय होतं, त्याचा एक अनुभव सांगते. एका दुकानासाठी मी सुरुवातीच्या काळात उकडीच्या मोदकांना ‘स्टीम्ड डंपलिंग’ असंच लिहिलं होतं. इंग्रजी म्हणून त्यात चूक काहीच नव्हती, डंपलिंग गोडही असतं. पण पुण्यात चौकाचौकांत मोमोच्या गाड्या आहेत. वाफवलेलं, पांढरं, वरून चुण्या घातलेलं म्हटल्यावर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे मोमोच आला आणि लोक काउंटरवर लाल चटणी मागायला लागले. एका मुलीने पहिला घास घेतला आणि मोदक तसाच ठेवून दिला. तो बिघडलेला नव्हता, पण तिने तिखटाची तयारी ठेवली होती आणि तोंडात गूळ आला. पराठ्याचंही तसंच होतं. पराठा म्हटलं की उत्तरेकडच्या माणसाला सोबत दही आणि लोणचं हवं असतं. तुम्ही पुरणपोळीवर तूप सोडून दिलंत, तर दही विसरलात असं त्याला वाटेल.

आता तुमचा मोदक घेऊ. तुम्ही चार-पाच ओळी म्हणता, म्हणजे साधारण असा मजकूर असणार: गणपतीचा आवडता, महाराष्ट्राचा पारंपरिक, अस्सल चवीचा, प्रेमाने बनवलेला, तांदळाच्या पिठाचा, नारळ-गुळाचं सारण भरलेला, आरोग्यदायी. यातला प्रत्येक शब्द घेऊन स्वतःला विचारा की हा वाचून गिऱ्हाईक वेगळं काही मागेल का. गणपतीमुळे त्याची ऑर्डर बदलत नाही. ‘पारंपरिक’ आणि ‘अस्सल’ तर शेजारच्या दुकानाच्या पाटीवरही असतात. ‘आरोग्यदायी’ काढाच. गुळाचा पदार्थ तो, मधुमेहाच्या माणसाने त्या शब्दावर विसंबून चार मोदक खाल्ले तर जबाबदारी तुमच्यावर येते. शेवटी तांदळाचं पीठ, नारळ, गूळ आणि वाफवणं एवढंच उरतं. त्यात खायची रीत घातली की ओळ तयार होते:

```
Ukadiche Modak
Thin rice dough pleated around fresh coconut
and jaggery, steamed. Served hot with ghee.
```

यातले तीन शब्द मी मुद्दाम निवडले आहेत. पहिला ‘थिन’. उकडीच्या मोदकाची सगळी कसोटी पारीत असते. पिठीएवढंच पाणी उकळून, त्यात चमचाभर तूप आणि चिमूटभर मीठ घालून काढलेली उकड नीट मळली असेल, तरच पारी पातळ होते आणि चिरत नाही. जाड पारीचा मोदक म्हणजे तोंडात नुसती उकड. तुमची पारी पातळ असेल तर ते सांगण्यासारखं आहे, नसेल तर तो शब्द गाळा.

दुसरा शब्द ‘प्लीटेड’. आपण मोदकाला कळ्या काढतो किंवा पाकळ्या पाडतो म्हणतो, त्याला इंग्रजीत हा सरळ शब्द आहे, साडीच्या निऱ्यांना वापरतात तोच. तो आला की पदार्थ हाताने वळलेला आहे हे आपोआप कळतं, ‘हँडमेड’ वेगळं लिहावं लागत नाही. मात्र साच्यात काढलेल्या मोदकांना हा शब्द लावू नका. साच्याच्या रेषा आणि हाताच्या कळ्या यांतला फरक ओळखणारी माणसं तुमच्याकडे येतातच.

तिसरा ‘स्टीम्ड’. इथे मराठीतून इंग्रजीत जाताना हमखास घसरायला होतं, कारण आपला ‘उकडणे’ हा शब्द दोन कामं करतो. अंडी उकडतो तेव्हा ती पाण्यात असतात आणि मोदक उकडतो तेव्हा ते चाळणीवर, वाफेत असतात. शब्दकोशात पहिला अर्थ सापडला म्हणून ‘बॉइल्ड राइस बॉल्स’ असं छापलेलं मी स्वतः पाहिलं आहे. शिवाय ‘उकडीचे’ हे विशेषण वाफवण्यावरून आलेलं नाही, ते ज्या पिठाच्या उकडीची पारी करतो तिच्यावरून आलं आहे. त्यामुळे नावाचं भाषांतर करत बसू नका. ‘उकडीचे मोदक’ हे नाव जसंच्या तसं इंग्रजी अक्षरांत ठेवा आणि वाफेचं काम खालच्या ओळीला करू द्या.

नारळाला ‘फ्रेश’ जोडला आहे तो शोभेसाठी नाही. तुमच्याकडे तळणीचे मोदकही आहेत आणि त्यांत बहुतेक सुकं खोबरं असणार. मेनूवर दोन्हीकडे नुसतं ‘कोकोनट’ असेल तर गिऱ्हाइकाला वाटतं की एकच पदार्थ वाफवून आणि तळून विकताय. खरं तर फरक आतबाहेर सगळीकडे आहे. एकाची पारी तांदळाची आणि मऊ, दुसऱ्याची गव्हाची किंवा मैद्या-रव्याची आणि खुसखुशीत. एक आजच्या आज खायचा, दुसरा डब्यात भरून गावाला न्यायचा. म्हणून तळणीच्या ओळीत टिकण्याबद्दल लिहा, गिऱ्हाईक नेमकं तेच विचारतं:

```
Talniche Modak
Crisp wheat shell filled with dry coconut, sugar
and cardamom, deep-fried. Keeps for a week.
```

सारणात गूळ घालत असाल तर साखरेच्या जागी तो लिहा आणि दिवसही तुमच्या अनुभवाप्रमाणे घाला. ‘शेल’ हा शब्द इथे बसतो, कारण कवच खरंच कडक आहे. उकडीच्या मोदकाला तोच लावला की ऐकणारा कुरकुरीत काहीतरी समजतो. गणपतीत माव्याचे मोदक ठेवत असाल तर त्यात सारण नसतं, हे लिहायला विसरू नका. मोदक फोडून आत काही सापडलं नाही की माणूस फसवल्यासारखा बघतो.

गुळाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. ‘जॅगरी’ हा इंग्रजी शब्दकोशातला जुना शब्द आहे, पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडूनच तिकडे गेलेला. भारतात राहणाऱ्या कुठल्याही इंग्रजी वाचकाला तो कळतो, त्यापुढे कंस नको. काही लोक परदेशी पाहुण्यांसाठी म्हणून ‘ब्राउन शुगर’ लिहितात. ते दोन कारणांनी चुकीचं आहे. ब्राउन शुगर ही बहुधा शुद्ध केलेल्या साखरेत मळी परत मिसळून केलेली असते, आणि गूळ म्हणजे उसाचा रस आटवून केलेली ढेप. दुसरं म्हणजे आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत ब्राउन शुगर हे अमली पदार्थाचं नाव आहे, ते मिठाईच्या फलकावर नको. ‘मोलॅसिस’सुद्धा नको, ती मळी किंवा फार तर काकवी. एखाद्या परदेशी पाहुण्याला जॅगरी कळलं नाही तर काउंटरवरच्या माणसाने ‘अनरिफाइन्ड केन शुगर’ एवढं तोंडी सांगावं. रोजच्या शंभर गिऱ्हाइकांसाठी लिहिलेली ओळ त्या एकासाठी लांबवू नये. तुपाचंही तसंच. ‘घी’ पुरेसं आहे, ‘क्लॅरिफाइड बटर’ची जागा वाया जाते. साजूक तूपच वापरत असाल तर ‘प्युअर घी’ मेनूच्या तळाशी एकदाच लिहा, प्रत्येक पदार्थाखाली नको.

पुरणपोळी मोदकापेक्षा अवघड आहे, कारण तिच्या सारणात डाळ आहे. आपल्याला पुरण म्हटलं की तोंडाला पाणी सुटतं, पण ज्याने ती खाल्लेली नाही त्याला ‘डाळ भरलेली पोळी’ हे जेवणातलं काहीतरी वाटतं. त्यात तुम्ही ‘लेंटिल’ लिहिलंत तर आणखी गोंधळ. लेंटिल म्हणजे नेमकेपणाने मसूर, आणि आपल्या पुरणात असते हरभऱ्याची डाळ. गुजराती घरांत तुरीच्या डाळीची पुरणपोळी होते आणि तुमच्या गिऱ्हाइकांत गुजराती असणारच, त्यामुळे डाळ कुठली हे त्यांच्यासाठीही कामाचं आहे. ‘बेंगॉल ग्रॅम’ हे जुनं नाव वाण्याच्या पाकिटावर असतं, पण मेनूवर ते वजनासारखं वाचलं जातं. पुण्यात सरळ ‘चना डाळ’ लिहा, हिंदी, गुजराती, कानडी सगळ्यांना समजतं.

डाळ लिहिल्यावर ती गोड आणि मऊ आहे हेही लगेच कळायला हवं. त्यासाठी मी ‘स्मूद’ वापरते. डाळ शिजवून, कट काढून, गुळात आटवून पुरणयंत्रातून काढली की त्यात कणी राहत नाही, आणि ते सगळं या एका शब्दात येतं. तो नसेल तर वाचणाऱ्याला पोळीत डाळीचे अख्खे दाणे दिसतात. म्हणून ओळ अशी:

```
Puran Poli
Thin, soft wheat flatbread. Smooth filling of
chana dal, jaggery and nutmeg. Served warm with ghee.
```

तुम्ही म्हणाल, डंपलिंग चालत नाही आणि ‘फ्लॅटब्रेड’ कसं चालतं? फ्लॅटब्रेड ऐकून कुठलाही एक पदार्थ डोळ्यांपुढे येत नाही, फक्त चपटा, गोल, पिठाचा एवढंच कळतं, आणि तेवढंच आपल्याला हवं आहे. पॅनकेक, टॉर्टिया, पराठा हे शब्द मात्र आपापली चव सोबत घेऊन येतात. शब्द परका असण्याला हरकत नाही, त्याच्यामागे दुसरी थाळी येते का ते बघायचं. त्याच कारणाने मी ‘स्टफ्ड’ टाळून ‘फिलिंग’ लिहिते. स्टफ्ड म्हटलं की इथल्या लोकांना आलू किंवा गोभी आठवते.

पोळी तव्यावर भाजतात, त्याला ‘रोस्टेड’ लिहावं की नाही असा प्रश्न येईल. आपला ‘भाजणे’ तवा, भट्टी, निखारे सगळीकडे चालतो, इंग्रजीत मात्र नुसतं रोस्टेड म्हटलं की ओव्हन येतो. लिहायचंच असेल तर ‘कुक्ड ऑन अ तवा’ लिहा. मला स्वतःला तिथे ते लागत नाही. पोळी तव्यावर होते हे सांगण्यापेक्षा ती गरम मिळते हे सांगणं जास्त उपयोगाचं. काही घरांत दुधाबरोबर खातात, तुम्ही दूध देत असाल तर ‘घी ऑर मिल्क’ करा. सोबत कटाची आमटी देत असाल तर तिला वेगळी ओळ द्या, पोळीच्या वर्णनात तिला कोंबू नका.

गूळपोळीची ओळ पुरणपोळीच्या लगेच खाली ठेवा, म्हणजे दोन्हींतला फरक वाचणाऱ्यालाच दिसेल. एक ‘सॉफ्ट’ आणि गरम, दुसरी ‘क्रिस्प’ आणि टिकाऊ:

```
Gul Poli
Crisp wheat flatbread with jaggery, sesame and
roasted gram flour. Keeps for a week.
```

श्रीखंडाला फार लिहायची गरज नाही. चक्क्याला ‘हंग कर्ड’ म्हणा, भारतातल्या इंग्रजीत तो रुळलेला शब्द आहे. ‘हंग कर्ड विथ शुगर, सॅफ्रन अँड कार्डमम, सर्व्ह्ड चिल्ड’ एवढ्यावर थांबा. ‘योगर्ट डेझर्ट’ म्हटलंत की लोक कपातलं पातळ दही समजतात. केशर नुसतं रंगापुरतं असेल तर सॅफ्रन लिहू नका.

अनारशांवर मात्र थांबते, कारण त्यात एक गोष्ट चुकून चालत नाही. आपण अनारशासाठी तांदूळ तीन दिवस भिजवतो, रोज पाणी बदलतो, सुकवून दळतो आणि गुळात मुरवून ठेवतो. हे सगळं सांगायचा मोह होतो. एकांनी तर ‘फर्मेंटेड राइस’ लिहिलं होतं, आणि लोकांना तो आंबट पदार्थ वाटला. प्रक्रिया सोडा, जाळी सांगा. अनारशाची ओळख जाळीच आहे:

```
Anarsa
Crisp, lacy discs of rice and jaggery with
poppy seeds, fried in ghee.
```

चुकून चालत नाही ती गोष्ट म्हणजे खसखस. ती ‘पॉपी सीड्स’ म्हणून मेनूवर यायलाच हवी. संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूर इथे खसखस नेण्यावर बंदी आहे. तुमच्याकडून दिवाळीत डबे भरून दुबईच्या लेकीकडे नेणारी गिऱ्हाइकं असणार. त्यांना हे काउंटरवरच कळायला हवं, विमानतळावर नव्हे. सारणात किंवा करंजीत खसखस घालत असाल तर तिथेही लिहा.

स्पेलिंगचं एकच सांगते: एकदा ठरवा आणि पाटी, मेनू, डबा, ऑनलाइन ऑर्डरचं पान सगळीकडे तेच ठेवा. लोक मोबाइलवर `puran poli` असं दोन शब्दांत टाइप करतात, म्हणून पोळीचा ‘ळ’ दाखवायला वेगळं काही करू नका. `Shrikhand` साधंच ठेवा. अनेकवचनाचा इंग्रजी ‘एस’ लावून ‘मोदक्स’ किंवा ‘पोलीज’ करू नका, ‘फाइव्ह मोदक’ हे इंग्रजीतही नीट वाचलं जातं. मराठी नाव देवनागरीत वर ठेवलंत तर आपल्या लोकांना खालचं इंग्रजी वाचावंच लागणार नाही.

सणाची माहिती काढा म्हटलं, पण सणामुळे पदार्थ मिळण्याचे दिवस ठरत असतील तर ते ठेवा, फक्त तारखेसकट. ‘ओन्ली ऑन संकष्टी’ लिहिलंत तर ज्याला संकष्टी माहीत नाही त्याच्यासाठी ती ओळ कोरीच. त्या महिन्याची तारीख खडूने लिहिता येईल अशी जागा सोडा. तसंच सुट्या मिठाईची ‘बेस्ट बिफोर’ तारीख दुकानात दाखवणं एफएसएसएआयने १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक केलं होतं. ती दाखवत असाल तर ट्रेजवळच्या पट्टीवर असू द्या, मेनूत पुन्हा नको.

छापायला टाकण्याआधी एक करा. हे पदार्थ कधीच न खाल्लेल्या दोन-तीन जणांना फक्त इंग्रजी ओळ वाचायला द्या, फोटो दाखवू नका. मग विचारा: हे गोड आहे की तिखट, गरम की गार, आत काय आहे, आज खायचं की ठेवता येईल? ज्या प्रश्नाला ते अडखळतील, त्या प्रश्नाचा शब्द ओळीत नाही किंवा चुकीचा आहे. छापल्यावर पहिले पंधरा दिवस काउंटरवर वही ठेवा आणि लोक मेनू वाचूनही काय विचारतात ते लिहून घ्या. माझ्या त्या पहिल्या मेनूवर ‘चटणी?’ असं नऊ वेळा लिहिलं गेलं होतं. ओळ बदलल्यावर लोक ‘तूप जास्त मिळेल का?’ असं विचारायला लागले.